तिसरीच्या वर्गाचा कचरा प्रकल्प: घरचा तक्ता आणि वर्गाची मोजणी

कचरा वर्गीकरणाचा शालेय प्रकल्प म्हटला की बहुतेक ठिकाणी हिरव्या आणि निळ्या डब्यांची चित्रं, चार घोषणा आणि टाकाऊतून टिकाऊ पेनस्टँड एवढ्यावर काम आटोपतं. तिसरीच्या मुलांना याहून खरं काम जमतं. आठ-नऊ वर्षांचं मूल ग्रॅम वाचतं, तीन अंकी बेरीज-वजाबाकी करतं, चित्रालेख काढतं आणि घरी कोणती वस्तू कुठे पडते ते मोठ्यांपेक्षा बारकाईने बघतं. हा लेख ४० मुलांच्या वर्गासाठी चार आठवड्यांचा आराखडा देतो. त्यात वर्गाच्या कचऱ्याची दोनदा मोजणी आहे, मधल्या काळात घरचा तक्ता आहे आणि या सगळ्यातून मुलांनी शोधायचं उत्तर एकाच प्रश्नाचं आहे: पुन्हा वापरता आला असता असा किती माल आपण एका डब्यात टाकून बिघडवला?

हा प्रश्न मुद्दाम निवडला आहे. ‘कचरा कमी करा’ हे मुलांच्या हातात फारसं नसतं; जेवणाच्या डब्यात काय द्यायचं, बिस्किटाचा कोणता पुडा आणायचा हे घरचे ठरवतात. पण कोरडा कागद उष्ट्या खिचडीवर टाकायचा की बाजूच्या खोक्यात, हे मात्र मूल स्वतः ठरवतं आणि त्याचा परिणाम आठवडाभरात वजनकाट्यावर दिसतो.

मोजणी आधी, शिकवणं नंतर

सगळ्यात जास्त प्रकल्प इथेच फसतात. शिक्षक आधी ओला-सुका समजावून सांगतात, फळ्यावर तक्ता काढतात आणि मग मोजणी करतात. तोवर मुलं सावध झालेली असतात. पहिल्या मोजणीत वर्ग आदर्श दिसतो, दुसऱ्या मोजणीत फरक दिसत नाही आणि प्रकल्पातून काहीच कळत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात काही शिकवू नका. ‘आपल्या वर्गातून रोज काय काय बाहेर जातं ते मोजायचं आहे,’ एवढंच सांगा.

मोजणीसाठी मंगळवार, बुधवार, गुरुवार असे सलग तीन दिवस घ्या. शनिवारी शाळा अर्धा दिवस असते आणि सोमवारी डब्यात कधी कधी शनिवारचंही उरलेलं असतं. त्या तीन दिवसांत कुणाचा वाढदिवस असेल तर ४० चॉकलेटांचे कागद एकदम येतात. ते वेगळे मोजून वेगळे लिहा, मुख्य आकड्यात मिसळू नका.

शाळेतल्या सफाईच्या मावशींना किंवा काकांना आदल्या दिवशी भेटून सांगा की या तीन दिवसांत वर्गाचा डबा मधल्या सुट्टीनंतर रिकामा करू नका, शाळा सुटताना आम्ही देऊ. हे सांगायचं राहिलं तर दुपारी मोजायला बसल्यावर डब्यात फक्त पेन्सिलीची सालं सापडतात. मधल्या सुट्टीत मुलं वर्गाबाहेर जेवत असतील, तर उष्टं बाहेरच्या मोठ्या डब्यात जातं. अशा वेळी तीन दिवसांपुरती एक झाकणाची बादली वर्गाच्या नावाने तिथे ठेवा.

लागणारं सामान

जुनी प्लास्टिकची ताडपत्री किंवा जाड शीट, साधारण दीड मीटर लांब-रुंद. पाच सारख्या आकाराच्या छोट्या बादल्या किंवा तेलाचे कापलेले डबे; कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावलेली हवी. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. स्वयंपाकघरातलेच आठ चिमटे. मुलांच्या हाताला बसतील असे हातमोजे मिळाले तर ठीक, पण मोठ्या मापाचे नकोत: ते निसटतात, आत ओलावा जातो आणि मुलं दातांनी ओढून काढतात. त्यापेक्षा चिमटा बरा. शेवटी साबण आणि हात धुण्यापुरतं पाणी.

डिजिटल काट्याची एक खोड माहीत हवी. बरेच काटे दोनेक मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप बंद पडतात. रिकामी बादली ठेवून शून्य केलेलं असतं, मधे काटा बंद पडतो, मूल पुन्हा चालू करतं आणि या वेळी भरलेल्या बादलीसकट शून्य दिसतं. म्हणून शून्य करण्याच्या बटणावर विसंबू नका. रिकाम्या बादलीचं वजन तिच्यावरच मार्करने लिहा, भरलेलीचं वजन घ्या आणि वजाबाकी मुलांना करू द्या. तिसरीच्या गणिताला हेच हवं आहे. काटा आणि पंखा यांचं जमत नाही. मोजताना पंखा बंद ठेवा, नाहीतर पुड्या उडतात आणि आकडा एका जागी थांबत नाही.

मोजणीचा दिवस

शेवटच्या दोन तासिका लागतात, साधारण ६० ते ७० मिनिटं. त्यातली पहिली दहा मिनिटं शिक्षकांची एकट्याची. डबा शीटवर ओता आणि मुलं जवळ येण्याआधी ब्लेड, टाचण्या, फुटकी काच, वापरलेली पट्टी, मास्क, औषधाची पाकिटं आणि नाक पुसलेले कागद चिमट्याने काढून घ्या. फक्त वर्गाचाच डबा मोजायचा. स्वच्छतागृहाचा डबा या प्रकल्पात कधीच येत नाही.

४० मुलं एका शीटभोवती उभी केली तर आठ मुलं काम करतात आणि बाकीची एकमेकांना ढकलतात. रोज १३-१४ मुलं घ्या: आठ वेचणारी, तीन वजन करणारी, दोन-तीन लिहिणारी. तीन दिवसांत सगळ्यांची पाळी येते. ज्यांना दमा आहे किंवा हाताला जखम आहे त्यांना लिहिण्याचं काम द्या. पाळ्या हजेरीपटाच्या क्रमानेच लावा. ‘तू कर, तुला सवय आहे,’ असं कुणालाही म्हणायचं नाही, शिक्षा म्हणून कुणाला बसवायचं नाही, मुलींकडे झाडू आणि मुलांकडे काटा असंही होऊ द्यायचं नाही. कचऱ्याला हात कुणी लावायचा याबद्दल आपल्या समाजात जे चालत आलं आहे ते या वर्गात येऊ नये, ही जबाबदारी पूर्णपणे शिक्षकांची आहे.

वेचायचे ढीग पाच:

१. ओला: उष्टं, साली, भाजीचे तुकडे.
२. चांगला कागद: कोरडा, चिकट नसलेला, फाटलेला किंवा चुरगळलेला चालेल.
३. बिघडलेला कागद: ओला झालेला, तेलकट, उष्टं लागलेला.
४. पुड्या आणि प्लास्टिक: बिस्किट, वेफर, चॉकलेट यांची वेष्टनं, पिशव्या, तुटलेलं पेन.
५. बाकी: केर, खडूचे तुकडे, पेन्सिलीची सालं, खोडरबराचा चुरा.

कागदाचे दोन ढीग करणं हा या मोजणीचा गाभा आहे. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नमुना तक्त्यांत कागद एकाच रकान्यात असतो, त्यामुळे मुलांना नेमकं जे दिसायला हवं तेच झाकलं जातं. चांगला की बिघडलेला, यावर वाद होईल आणि तो व्हायला हवा. त्यासाठी एक साधी कसोटी ठरवून द्या: कागद कोऱ्या वहीच्या पानावर दाबून धरायचा आणि मनात पाचपर्यंत आकडे म्हणायचे. पानावर डाग उमटला तर बिघडलेला, नाहीतर चांगला.

चौथा ढीग वजनाबरोबर नगांनीही मोजा. एक पुडी एक-दोन ग्रॅमची असते आणि केळ्याची साल तिच्या कितीतरी पट जड. नुसतं वजन लिहिलं तर मुलांना वाटतं की प्लास्टिक आपल्या वर्गात जवळजवळ नाहीच. पुड्या दहा-दहाच्या ओळीत मांडल्या की चित्र बदलतं. वजन करताना त्या एकेक टाकू नका. काही काटे इतका हलका भर एकेक करून टाकला तर धरत नाहीत. सगळ्या एका बादलीत भरून एकदम वजन घ्या.

मोजून झालं की ओला कचरा त्याच दिवशी बाहेर गेला पाहिजे; उद्या दाखवायला म्हणून ठेवला तर एका रात्रीत वास येतो आणि माश्या जमतात. त्यानंतर सगळ्यांनी, लिहिणाऱ्यांनीसुद्धा, साबणाने हात धुवायचे.

एक नमुना, आकड्यांसकट

समजा ४० मुलांच्या वर्गात तीन दिवसांची नोंद अशी आली. आकडे समजावण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या वर्गाचे वेगळे येतील.

| ढीग | मंगळ | बुध | गुरू | एकूण |
|---|---|---|---|---|
| ओला | ३१० | २६० | ३३० | ९०० ग्रॅम |
| चांगला कागद | १२० | ९० | १५० | ३६० ग्रॅम |
| बिघडलेला कागद | १४० | ११० | १३० | ३८० ग्रॅम |
| पुड्या, प्लास्टिक | ४० | ३० | ५० | १२० ग्रॅम (६६ नग) |
| बाकी | ८० | ८० | ८० | २४० ग्रॅम |
| बेरीज | ६९० | ५७० | ७४० | २००० ग्रॅम |

बेरीज आडवी आणि उभी दोन्हीकडून करून घ्या. दोन्हीकडून २००० आलं तर बेरीज बरोबर. आलं नाही तर बेरीज पुन्हा करा. एखाद्या बादलीचं वजन वजा करायचं राहिलं असेल तर ते बेरजेत कळत नाही. पण असा आकडा शेजारच्या दिवसांपेक्षा साधारण बादलीच्या वजनाइतका जास्त दिसतो आणि मुलं तो पटकन पकडतात.

चित्रालेखासाठी एक चित्र म्हणजे १०० ग्रॅम धरा, अर्धं चित्र म्हणजे ५०. ओल्याची नऊ चित्रं, चांगल्या कागदाची साडेतीन, बिघडलेल्याची चार, प्लास्टिकचं एक, बाकीची अडीच. मग त्याखाली पुड्यांचा दुसरा चित्रालेख काढा, एक चित्र म्हणजे १० नग. तिथे साडेसहा चित्रं येतात. वरच्या लेखात सगळ्यात बुटका असलेला रकाना खाली एकदम उंच झालेला मुलांच्या लगेच लक्षात येतो. हे असं का झालं ते तुम्ही सांगू नका, त्यांनाच विचारा.

मग मुख्य प्रश्नाकडे या. एकूण कागद ३६० अधिक ३८०, म्हणजे ७४० ग्रॅम. त्यातला निम्म्याहून जास्त बिघडला. तो बिघडलेलाच जन्माला आला नव्हता, एका डब्यात उष्ट्यासोबत पडल्यामुळे बिघडला.

बिघडलेला म्हणजे काय, ते दाखवणारे दोन प्रयोग

दुसऱ्या आठवड्यात शिकवायला सुरुवात करा, पण व्याख्येने नको.

पहिला प्रयोग पाच-सात मिनिटांचा आहे. वर्तमानपत्राचे दोन तुकडे घ्या. एकावर खाण्याच्या तेलाचे दोन-तीन थेंब बोटाने पसरवा आणि पाच मिनिटं थांबा. मग दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. कोऱ्या तुकड्यात पाणी झिरपतं, तेलकट तुकड्यावर थेंब तसाच उभा राहतो. वहीचा कागद घेतला तर फरक इतका स्पष्ट दिसत नाही, कारण शाई फुटू नये म्हणून त्यावर आधीच प्रक्रिया केलेली असते, वर्तमानपत्रच घ्या. कागद कारखान्यात रद्दी पाण्यात भिजवून तिचा लगदा करतात. तेल त्या पाण्यात मिसळत नाही आणि नव्या कागदावर डाग बनून उतरतं. वडापावचा कागद रद्दीत का चालत नाही याचं उत्तर इतकंच आहे.

दुसऱ्या प्रयोगाला एक रात्र लागते. वहीची १०० ग्रॅम कोरडी पानं (ए-फोर आकाराचे साधे कागद असतील तर साधारण वीस) चुरगळून एका पिशवीत भरा, वर वाटीभर चहाचा ओला चोथा टाका आणि पिशवी बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी चोथा झटकून कागदाचं वजन करा. कागद पाणी पितो, त्यामुळे वजन वाढलेलं असतं. इथे एखादं हुशार मूल हमखास म्हणतं, ‘मग रद्दीवाले काका जास्त पैसे देतील!’ त्या प्रश्नाचं उत्तर रद्दीवाल्या काकांनीच द्यावं. ते ओली रद्दी घेत नाहीत, कारण पुढच्या व्यापाऱ्याकडे पोहोचेपर्यंत गठ्ठ्याला बुरशी येते आणि पाण्याचे पैसे त्यालाही द्यायचे नसतात.

शक्य असेल तर तुमच्या भागात कचरा घेणाऱ्या ताईंना किंवा रद्दीवाल्या काकांना वर्गात अर्ध्या तासासाठी बोलवा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करते; इतर शहरांत घंटागाडीवरचे कर्मचारी भेटतात. त्यांचा कामाचा वेळ सांभाळून बोलवा आणि त्या अर्ध्या तासाचं मानधन द्या. मुलांनी प्रश्न आधी लिहून ठेवावेत. तीनच पुरतात: तुम्ही काय विकत घेता किंवा विकता, काय कधीच विकलं जात नाही आणि आमच्या कचऱ्यातली कोणती गोष्ट तुमच्या हाताला लागते? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर फुटकी काच कागदात गुंडाळण्याची सूचना पुन्हा द्यावी लागत नाही.

घरचा तक्ता

विकतचा छापील तक्ता भिंतीवर लावून उपयोग होत नाही, कारण त्यातल्या निम्म्या वस्तू मुलाच्या घरी नसतात आणि घरी रोज जिथे अडतं त्या वस्तू त्यात नसतात. तक्ता वर्गातच बनवा. प्रत्येक मुलाला घरी एका दिवसात फेकल्या गेलेल्या पाच वस्तूंची नावं लिहून आणायला सांगा. ४० मुलांकडून नावं आली की त्यातल्या बऱ्याच एकच असतात. शेवटी साधारण २५-३० वेगळ्या वस्तूंची यादी उरते. तीच तक्त्यात जाते.

रकाने चार ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत. तिसरीच्या मुलासाठी मात्र दोन रकाने ‘मी टाकतो’ आणि दोन ‘मी हात लावत नाही’ असे असावेत.

| ओला: मी टाकतो | सुका: मी टाकतो | सॅनिटरी: हात लावत नाही | विशेष काळजी: हात लावत नाही |
|---|---|---|---|
| उष्टं, साली, देठ | वही, वर्तमानपत्र, पुठ्ठा | डायपर | जुनी औषधं |
| चहाचा चोथा | धुतलेली दुधाची पिशवी | सॅनिटरी पॅड | बॅटरीचे सेल |
| अंड्याची टरफलं, हाडं | बाटल्या, झाकणं, डबे | जखमेची पट्टी | बल्ब, ट्यूब |
| निर्माल्य (दोरा, प्लास्टिक काढून) | झटकलेल्या पुड्या | | रंगाचे डबे, डास पळवणाऱ्या औषधाची बाटली |

फुटकी काच आणि ब्लेड हे सुक्यातच जातात, पण जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असं लिहून आणि मोठ्यांच्या हातूनच. सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून द्यावा. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे, म्हणजे उचलणाऱ्याला न उघडता कळतं. मुलांना या रकान्याचं कारण साध्या शब्दांत सांगा: शरीराला लागलेल्या वस्तूंवर जंतू असतात, म्हणून त्या वेगळ्या. तिसरीत एवढं पुरतं.

काही वस्तूंवर हमखास प्रश्न येतात. दुधाची पिशवी भांडी विसळलेल्या पाण्यानेच आतून धुवायची, चिमट्याला अडकवून वाळवायची आणि मगच सुक्यात टाकायची. न धुता टाकलेली पिशवी एका दिवसात आंबते आणि सोबतचा सगळा सुका माल नासवते. तिचा कोपरा कापताना पूर्ण वेगळा करू नका, लटकता ठेवा. बोटाच्या पेराएवढा तो तुकडा कुणीही वेचू शकत नाही, तो थेट नाल्यात जातो. वेफर आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टनं सुक्यातच टाकायची, पण ती रद्दीवाला घेत नाही: त्यांत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. बऱ्याच ठिकाणी ती सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. म्हणजे सुका कचरा म्हटला की तो सगळा पुन्हा वस्तू होतो असं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो वहीच्या कागदात मिसळायचा नाही. नारळाची करवंटी कुजते, पण फार सावकाश. तिच्याबाबत तुमच्या भागातली पद्धत विचारून घ्या. तेलकट कागद आणि जेवणाचा टिश्यू फाडून ओल्यात.

तक्त्याच्या खालच्या अर्ध्या भागात सात दिवसांची नोंद असते. रोज रात्री मूल तीन गोष्टी लिहितं:

- ओला आणि सुका आज वेगळा होता का? (बरोबरची खूण किंवा गोल)
- सुक्या डब्यात काही ओलं सापडलं का?
- आज अडलेली वस्तू कोणती? (नाव लिहायचं)

पहिल्या दोन खुणा रविवारी रात्री एका दमात सातही दिवसांच्या भरल्या जातात, हे गृहीत धरा. तशा नोंदीत सगळीकडे एकाच पेन्सिलीच्या सारख्या खुणा दिसतात आणि अडलेल्या वस्तूचा रकाना रिकामा असतो. रागावू नका. रोज सकाळी हजेरीनंतर दोन मिनिटं ‘काल कुणाला काय अडलं?’ एवढंच विचारा. अडलेली वस्तू सांगायला मिळते म्हटल्यावर मुलं ती खरोखर शोधतात आणि बाकीच्या खुणाही आपोआप खऱ्या होतात. फळ्याच्या कोपऱ्यात ही यादी वाढू द्या. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक वस्तूचा निर्णय वर्गात घ्या आणि तक्त्यात भर टाका.

घरांची तुलना करू नका. क्रमांक, बक्षीस, कचऱ्याच्या डब्याचा फोटो, यातलं काहीही मागू नका. एका खोलीच्या घरात दोन डब्यांना जागा नसते. तिथे दाराच्या खिळ्याला अडकवलेली एक पिशवी सुक्यासाठी पुरते. वर्गातल्या कुणाचे आईवडील याच कामात असू शकतात, हे लक्षात ठेवून बोला.

आणि एक प्रश्न येणारच: ‘बाई, आमच्या इथे गाडीत सगळं एकत्रच टाकतात.’ याचं उत्तर प्रकल्प सुरू करायच्या आधी स्वतः शोधून ठेवा. सकाळी गाडीपाशी थांबून बघा, गरज पडली तर प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांना विचारा. कधी गाडीला आतून दोन कप्पे असतात आणि बाहेरून दिसत नाहीत. खरंच एकत्र होत असेल तर मुलांना खोटं सांगू नका. रद्दी, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या तरीही रद्दीवाल्याकडे वेगळ्या जाऊ शकतात, तेवढाच माल वाचवायचं ठरवा. गावात गाडीच नसेल तर ओल्यासाठी उकिरडा किंवा खताचा खड्डा असतोच. तिथे प्रश्न सुक्याचा असतो आणि तो बहुधा जाळला जातो. अशा शाळेत ‘प्लास्टिक जाळत नाही, साठवतो’ असा रकाना घालून महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीकडे द्यायची सोय आधी बोलून ठेवा.

वर्गात बदल, मग दुसरी मोजणी

तिसऱ्या आठवड्यात वर्गाच्या एका डब्याच्या जागी तीन गोष्टी ठेवा: ओल्यासाठी झाकणाची छोटी बादली, प्लास्टिक आणि केरासाठी जुना डबा, आणि कागदासाठी पुठ्ठ्याचं खोकं. खोकं डब्याशेजारी नको, शिक्षकांच्या टेबलाजवळ हवं. शेजारी ठेवलं की घाईत असलेलं मूल जवळ दिसेल त्यात टाकतं. खोक्याच्या झाकणाला कागद जाईल एवढीच आडवी फट कापा. केळ्याची साल तिथे सहज जात नाही. खोक्याशेजारी एक ट्रे ठेवा, एका बाजूने कोरी असलेली पानं त्यात. शुद्धलेखन आणि कच्चं गणित त्यांवरच करायचं. पुनर्वापराचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

चौथ्या आठवड्यात त्याच तीन वारी, त्याच बादल्यांनी आणि त्याच डागाच्या कसोटीने दुसरी मोजणी. समजा आकडे असे आले: ओला ८२०, चांगला कागद ५४०, बिघडलेला ९०, प्लास्टिक ११० (६० नग), बाकी २४०. बेरीज १८०० ग्रॅम.

इथे घाईने ‘२०० ग्रॅम कचरा कमी झाला’ असं फळ्यावर लिहू नका. कागद ७४० वरून ६३० वर आला, पण त्यातली काही घट नुसत्या पाण्याची आहे: पहिल्या वेळी ओला कागद पाण्यासकट मोजला गेला होता. हजेरीही बघा, पाच मुलं गैरहजर असतील तर सगळेच आकडे खाली येतात. भरवशाची तुलना कागदाच्या आतली आहे. पहिल्यांदा निम्म्याहून जास्त कागद बिघडला होता, आता सात भागांतला जेमतेम एक भाग. ९० ग्रॅमचे सात गट म्हणजे ६३०, हे मुलांना मणी किंवा काड्या मांडून दाखवता येतं. पुड्यांचे नग ६६ वरून ६० झाले, हा फरक इतका लहान आहे की त्यावरून काही म्हणता येत नाही, आणि तसंच मुलांना सांगा.

बिघडलेला कागद कमीच झाला नसेल तर ढीग उपसून बघा. त्यात बहुतेक जेवणाच्या डब्याखाली अंथरलेले आणि हात पुसलेले कागद असतील तर अडचण खोक्याची नाही, मधल्या सुट्टीची आहे: मुलांकडे हात पुसायला रुमाल नाही. पाण्याने भिजलेले कागद असतील तर गळक्या बाटल्या दप्तरात आहेत किंवा खोकं खिडकीखाली पावसात आहे. चांगल्या कागदात पुड्या येत असतील तर फट मोठी कापली आहे.

खोक्यातला कागद तीन-चार किलो झाला की रद्दीवाल्या काकांना बोलवा आणि वजन मुलांसमोर करा, आधी त्यांच्या काट्यावर, मग वर्गाच्या काट्यावर दोन खेपांत. दोन्ही आकडे आणि मिळालेले पैसे मोजणीच्या वहीत, तारखेसह, त्याच आठवड्याच्या पानावर लिहा.